फ्लॉवरच्या गड्ड्यावरच्या तारखा

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्नर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. "ताई, बी खोटं निघालं. फ्लॉवर लावून महिना नाही झाला तर सुपारीएवढे गड्डे दिसायला लागलेत. दुकानदाराला जाब विचारायचाय, त्याआधी तुम्ही एकदा बघून जा."

वीस गुंठ्यांचं रान. बांधावरूनच दिसत होतं, की शेताचे दोन भाग आहेत. विहिरीकडचा भाग गर्द निळसर हिरवा, पानं एकमेकांना टेकलेली. रस्त्याकडच्या भागात मात्र दोन सऱ्यांमधली माती उघडी, झाडं गुडघ्याच्याही खाली, आणि प्रत्येक झाडाच्या मधोमध पांढरी गुंडी उघड्यावर आलेली. झाकायला पानंच नव्हती. याला आपल्याकडे 'बटन पडणं' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही शब्द गुंडीवरूनच आलेला आहे, म्हणजे शेतकऱ्याची नजर सगळीकडे सारखीच.

मी अण्णांना विचारलं, "दोन्हीकडे वेगळं बी होतं का?" तर नाही. एकाच दिवशी, एकाच पुड्यांतलं, एकाच रोपवाटिकेत टाकलेलं. मग बी खोटं कसं? खोटं असतं तर विहिरीकडंही खोटंच निघालं असतं.

मग फरक कसला, हे शोधायला आम्ही बांधावर बसून तारखा जुळवल्या. सोळा जूनला ट्रेमध्ये बी टाकलं होतं. अठ्ठ्याण्णव खणांचे ट्रे, कोकोपीट भरलेले. दहा जुलैला रोपं चोवीस दिवसांची झाली, चार-पाच पानांवर आली, आणि अण्णांनी विहिरीकडच्या दहा गुंठ्यांत लावून टाकली. बाकीची दुसऱ्या दिवशी लावायची, तर रात्री पाऊस लागला. रस्त्याकडची जमीन चोपण, पाणी धरणारी. वाफसा यायला दोन आठवडे गेले. चोवीस जुलैला उरलेली रोपं लावली तेव्हा ती अडतीस दिवसांची होती. ट्रेमध्ये उभीच होती, हिरवी होती, मेली नव्हती. लावायला काय हरकत, असं कोणालाही वाटलं असतं.

इथे थोडं झाडाच्या पोटात शिरावं लागेल.

आपण जो गड्डा खातो तो फूल नव्हे. फूल होता होता राहिलेली एक वस्तू आहे ती. फ्लॉवरचं झाड आधी नुसती पानं काढतं. हे त्याचं बालपण. ठराविक पानं झाली, आणि त्या जातीला रुचेल असं तापमान मिळालं, की शेंडा आपलं काम बदलतो. पानांऐवजी फुलोऱ्याच्या फांद्या काढू लागतो. पण त्या फांद्या फुलापर्यंत पोचत नाहीत. प्रत्येक टोक फूल व्हायला निघतं, अडतं, आणि त्याच्या कुशीतून नवी टोकं फुटतात. तीही अडतात, त्यांच्या कुशीतून आणखी. अशा हजारो अडलेल्या टोकांची दाटी म्हणजे गड्डा. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रान्समधल्या संशोधकांनी फुलं घडवणाऱ्या जनुकांच्या साखळीतल्या बिघाडाने ही अडणूक कशी घडते ते दाखवलं. या टोकांना आपण फांदी आहोत की फूल हे नीट ठरवताच येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच आहे: ज्या दिवशी शेंडा गड्ड्याकडे वळला, त्या दिवसापासून नवं पान नाही. आहेत त्या पानांवर, त्यांनी बनवलेल्या साखरेवर, गड्डा पोसायचा.

म्हणून गड्ड्याचं वजन किती होणार हे बरंचसं गड्डा दिसण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

ट्रेमधल्या त्या चौदा दिवसांत काय झालं ते आता पाहता येईल. एका खणात चिमूटभर कोकोपीट. त्यातलं अन्न पंचवीस दिवसांत संपतं. मुळं खणाच्या कडेने गोल फिरू लागतात, पानं लहानच राहतात, खोड करकरीत होतं, बुंध्याला जांभळट झाक येते. पान वाढायचं थांबतं, पण वय थांबत नाही. रोप भुकेलं राहून मोठं होतं. ते शेतात लावलं, की गोल फिरलेली मुळं बाहेर पडायला आठ-दहा दिवस घेतात, आणि तेवढ्यात शेंड्याला वळायची वेळ येऊन ठेपते. मी रस्त्याकडची पाच झाडं उपटली आणि विहिरीकडची पाच. खोडावर गळलेल्या पानांचे वण असतात, ते धरून पानं मोजली. विहिरीकडे वीसच्या आसपास, रस्त्याकडे बारा-तेरा, आणि तीही तळहाताएवढी. उपटलेल्या बुंध्याला कोकोपीटचा खणाच्या आकाराचा गोळा अजून तसाच चिकटलेला होता. महिना होत आला तरी मुळं त्यातून धड बाहेर आली नव्हती.

अण्णा बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता युरिया दिला तर?"

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि उत्तर देताना वाईट वाटतं. उशिरा दिलेला युरिया कोवळी पानं थोडी रुंद करील, पण नवं पान काढायला शेंडा पानांच्या कामावर परत येत नाही. एकदा गुंडी पडली की गड्ड्याचं गाडं उलटं फिरवता येत नाही. नत्र द्यायचं तर लावणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, झाड पानं काढत असताना. त्याच काळात पाण्याचा ताणही पडू द्यायचा नाही. थांबलेली रोपं लावायची की टाकून द्यायची हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. ट्रेमधली दहा रोपं घ्यावीत, शेंड्यापासून खाली ब्लेडने उभी चिरावीत आणि भिंगाखाली पाहावं. शेंडा बारीक आणि टोकदार असेल तर रोप अजून पानांच्या कामात आहे. टोक पसरट, पांढरं, बारीक दाण्यांचं दिसलं तर गड्डा ट्रेमध्येच सुरू झालाय. अशी रोपं फुकट मिळाली तरी लावू नयेत.

जुन्या रोपांखेरीज बटन पडायला दुसरीही कारणं आहेत, आणि ती शेताच्या नकाशावरून ओळखू येतात. सगळ्या शेतात एकजात गुंड्या असतील तर रोपांचं वय तरी चुकलंय किंवा जात चुकीच्या हंगामात लावलीय. लवकर येणारी जात थंडीच्या तोंडावर लावली तर शेंड्याला हवी तेवढी थंडी पानं होण्याआधीच मिळते आणि तो घाईने वळतो. गुंड्या ठिकठिकाणी चकंद्यांनी असतील तर तिथली माती उकरून बघावी, सूत्रकृमींच्या गाठी किंवा साचलेलं पाणी सापडेल. नांग्या भरलेली रोपं असतील तर सरीतलं तेवढंच एक झाड गुंडी घेऊन उभं असतं, कारण नांग्या भरायला ठेवलेली रोपं हमखास जुनी झालेली असतात.

दुकानदाराला जाब विचारायचं अण्णांनी सोडून दिलं. रस्त्याकडचं रान मोडून त्यात मेथी टाकली.

पण फ्लॉवरची त्या वर्षीची गोष्ट तिथे संपली नाही. विहिरीकडचा प्लॉट सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढणीला आला. आठशे ग्रॅमचे, पांढरे, दाट गड्डे. तोडताना मात्र अण्णांना दहातल्या दोन-तीन गड्ड्यांवर पाण्याने भिजल्यासारखे डाग दिसले. दोन दिवसांनी तेच डाग तपकिरी झाले. देठ कापला तर आत पोकळ, आणि पोकळीच्या भिंती गंजल्यासारख्या.

हा बोरॉनचा प्रश्न. तपकिरी गड्ड्याला आणखीही कारणं असतात, त्यामुळे आधी ती वगळावी लागतात. उन्हाने गड्डा पिवळा पडतो, मग तपकिरीकडे झुकतो, पण तो फक्त वरून, जिथे पानांची सावली नव्हती तिथे. बुरशीचे डाग काळपट असतात, पसरत जातात, ओल असली की त्यावर लव दिसते. मऊ कुजीला वास येतो, बोट आत जातं. बोरॉनच्या कमतरतेचा डाग कोरडा आणि घट्ट असतो, गड्ड्याच्या पृष्ठभागापासून आतल्या देठापर्यंत गेलेला असतो, आणि चव कडू लागते. त्याच झाडाची आतली पानं जाड आणि ठिसूळ झालेली असतात, दुमडली तर मोडतात, कडा खाली वळलेल्या असतात.

नुसती पोकळी दिसली म्हणून लगेच बोरॉनला दोष देऊ नये, हेही सांगायला हवं. भरपूर नत्र, भरपूर पाणी आणि लांब अंतर मिळालं की झाड इतकं भराभर वाढतं की खोडाच्या मधल्या पेशी ताणून फाटतात. ती पोकळी स्वच्छ पांढरी असते. बोरॉनची पोकळी तपकिरी. सुरी घेऊन उभे राहिलात तर हा फरक एका कापात कळतो. अण्णांच्या शेतात दोन्ही होतं: पोकळी नत्राने रुंद केलेली, रंग बोरॉनच्या अभावाने चढलेला. वाढ जितकी वेगाची तितकी बोरॉनची गरज जास्त, म्हणून नेमकी चांगल्या पोसलेल्या प्लॉटमध्ये ही तक्रार निघते. रस्त्याकडच्या उपाशी झाडांत एकही तपकिरी गुंडी नव्हती.

बोरॉन झाडाला हवं असतं हे तसं अलीकडचं ज्ञान आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ साली बाकल्याच्या शेंगांवर प्रयोग करून ते सिद्ध केलं. पेशीची भिंत पक्की बांधायला बोरॉन लागतं. विटांच्या भिंतीत गिलावा लागतो तसं. नव्या पेशी जिथे झपाट्याने तयार होतात तिथे त्याची मागणी जास्त, आणि गड्डा म्हणजे नव्या पेशींचं कारखानाच. बरं, हे बोरॉन मातीतून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथे पाण्याची वाफ होते तिथे, म्हणजे पानांत, जाऊन बसतं. पानात बसलेलं बोरॉन फ्लॉवरच्या झाडात तिथून उठून गड्ड्याकडे जात नाही. गड्डा पानांच्या आड झाकलेला, त्यातून वाफ फारशी होत नाही, म्हणजे त्याच्या वाट्याला थोडंच येतं. त्यामुळे पानं धडधाकट दिसत असतानाही गड्डा उपाशी असू शकतो.

मातीत कमी का असतं याची उत्तरं महाराष्ट्रात दोन टोकांची आहेत. कोकणातल्या जांभ्या मातीत पाऊस ते धुऊन नेतो. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत ते असतं, पण उच्च सामूमुळे मुळांना मिळत नाही, आणि वरची माती सुकली की जेमतेम मिळणारंही बंद होतं. अण्णांच्या विहिरीकडच्या रानात चुनखडीचे पांढरे खडे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ऑगस्टअखेर पावसाने दहा दिवस ओढ दिली होती आणि ठिबक जरा उशिराच सुरू झालं होतं. गड्डा भरायचे तेच दिवस होते.

उपाय स्वस्त आहे, पण हातचं राखून करायचा आहे. माती परीक्षणात बोरॉन कमी आलं असेल तर एकरी साधारण पाच किलो बोरॅक्स लावणीआधी मातीत द्यावं. पाच किलो एकरावर पसरायचं म्हणजे चौरस मीटरला सव्वा ग्रॅम, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. हाताने टाकलं तर एका जागी मूठभर आणि दुसऱ्या जागी काहीच नाही, असं होतं. म्हणून ते चाळलेल्या शेणखतात दोन-तीनदा कालवून मग फेकायचं. आणि दरवर्षी द्यायचं नाही. बोरॉन कमी आणि बोरॉन जास्त यांच्यातली पट्टी फार अरुंद आहे. फ्लॉवरला मानवणारी मात्रा त्याच रानात पुढे लावलेल्या घेवड्याला जाचते, पानांच्या कडा करपतात.

लावणीनंतर लक्षात आलं तर फवारणी. वीस टक्के बोरॉन असलेली विद्राव्य पावडर मिळते, ती लिटरला एक ग्रॅम, एकदा लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा गड्डा लिंबाएवढा व्हायच्या आत, म्हणजे फवारा थेट कोवळ्या शेंड्यावर बसेल अशी. फ्लॉवरच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी मोत्यांसारखं घरंगळून जातं, त्यामुळे चिकटद्रव्य घातल्याशिवाय फवारणीचा निम्मा पैसा मातीत. गड्ड्यावर डाग आल्यावर फवारण्यात काहीच अर्थ नाही. कच्ची बांधलेली भिंत नंतर गिलावा लावून सरळ होत नाही.

बाजारात हा माल कसा येतो तेही सांगते. डाग वरवरचे असतील तर विक्रेते सुरीने ते खरवडून काढतात. गड्ड्यावर कुठे सपाट, तासल्यासारखी जागा दिसली तर गड्डा उलटा करून देठाचा काप बघावा. तो पांढरा आणि भरीव असेल तर खुशाल घ्यावा. पोकळ आणि तांबूस असेल तर ठेवून द्यावा, कारण तो कडवटपणा भाजी शिजवूनही जात नाही.

तिसरी तक्रार अण्णांची नव्हती, त्यांच्या धाकट्या भावाची होती, आणि ती जानेवारीत आली. अण्णांच्या पावसाळी जातीला चांगला भाव मिळाला म्हणून त्यांनी तेच बी ऑक्टोबरअखेर लावलं. गड्डे आकाराने बरे झाले, पण तोडणीच्या आठवड्यात त्यांच्यावर मखमलीसारखी लव आली, आणि मग दाणे सुटले. शिजवलेल्या भाताची शितं वर पसरावीत तसा पृष्ठभाग. व्यापाऱ्याने निम्म्या भावात घेतला.

गड्ड्याची टोकं अडलेली असतात असं मी वर म्हटलं. दाणेदार गड्डा म्हणजे ती अडणूक सुटलेली आहे. टोकं फूल व्हायच्या वाटेवर पुढे निघालीत, प्रत्येक दाणा ही खरीखुरी कळी आहे, आणि तिच्याखालचा बारीक देठ लांबायला लागलाय. हे घडतं ते बहुधा गड्डा पडल्यानंतर त्या जातीच्या मानाने फार थंडी लागली तर. उलट, फार उष्णता लागली तर टोकं मागे, पानांकडे वळतात. गड्ड्याच्या दाटीतून लहान हिरवी पानं डोकं वर काढतात. दोन्ही बिघाडांत गड्डा सैल होतो, पण एकात तो पुढे पळालेला असतो आणि दुसऱ्यात मागे. हिरवं दिसलं तर ऊन, पांढरे दाणे दिसले तर गारठा, एवढं ढोबळ गणित चालतं. जास्त नत्र आणि दमट हवा या दोहोंनी ते आणखी बिघडतं.

'जातीच्या मानाने' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण फ्लॉवरमध्ये सगळी गंमत तिथेच आहे. हे पीक आपलं नव्हे. १८२२ साली इंग्लंडहून आणलेलं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं गेलं. त्या मूळ जाती थंड हवेतल्या. उत्तर हिंदुस्थानातल्या उकाड्यात आणि पावसात त्यातली जी झाडं तगली त्यांचंच बी पुढे धरलं गेलं, आणि शंभरएक वर्षांत त्यांतून उष्णता सोसणारे भारतीय फ्लॉवर तयार झाले. आज आपल्याकडच्या जातींचे गट गड्डा कोणत्या तापमानात पडतो यावरून पाडतात. पहिल्या गटाला, यात 'पुसा दीपाली', 'पुसा मेघना' येतात, गड्डा धरायला वीस ते सत्तावीस अंश लागतात. मधल्या गटांना बारा ते वीसच्या दरम्यान. आणि 'पुसा स्नोबॉल' सारख्या उशिराच्या जातींना दहा ते सोळा. गटांची ही उतरंड बियाण्याच्या पाकिटावर फार तर 'लागवड: जून ते ऑगस्ट' अशा एका ओळीत उतरते, आणि तीच ओळ आपण वाचत नाही.

धाकट्या भावाच्या पाकिटावर ती होती. त्यांचे गड्डे भरत होते तेव्हा, डिसेंबरच्या शेवटी, जुन्नरला पहाटेचा पारा दहाच्या खाली जात होता आणि दुपारी अठ्ठावीसवर चढत होता. वीस-पंचवीस अंशांत गड्डा धरायला घडवलेल्या जातीला त्या थंडीने कळ्या काढायला लावल्या. आणखी पंधरा दिवस आधी लावला असता तर कदाचित निभावलं असतं. मधल्या गटाची जात घेतली असती तर नक्कीच निभावलं असतं.

त्यांनाही पहिला संशय बियाण्याचाच आला होता. बियाण्यात भेसळ असली तर दाणेदार गड्डे निघतात हे खरं आहे. पण मग शेतात सुटे सुटे, इथे एक तिथे एक असे दिसतात, कारण भेसळ प्रत्येक बियात नसते. इथे एकाच आठवड्यात सगळं शेत दाणेदार झालं होतं. एका रात्रीत सगळ्यांना होणारी गोष्ट हवेतूनच येते. आणि तोडणीला उशीर झाला म्हणून सैल झालेला गड्डा वेगळा ओळखू येतो: त्याच्या कडेच्या फांद्या आधी सुटतात, गड्डा छत्रीसारखा उघडतो, वरचा पृष्ठभाग तितकासा रवाळ नसतो. तिथे दोष फक्त मजूर न मिळाल्याचा असतो.

हंगाम बरोबर असूनही थंडीची लाट आली तर? तर फारसं काही करता येत नाही, हे सरळ मान्य करावं. गड्डा मुठीएवढा असताना आतली दोन-तीन पानं मोडून त्यावर झाकली तर ऊन आणि पिवळेपणा यांपासून तो वाचतो, पण हवेचं तापमान तेवढ्याने बदलत नाही. हाती एकच गोष्ट उरते, हवामानाचा अंदाज पाहून दोन-चार दिवस आधी तोडणे. सातशे ग्रॅमचा घट्ट गड्डा नऊशे ग्रॅमच्या दाणेदार गड्ड्यापेक्षा जास्त पैसे देतो, हे त्या जानेवारीत धाकट्या भावाने मला हिशेब मांडून दाखवलं.

इतर तक्रारी याच घरातल्या आहेत, लहान आहेत. गार रात्रीनंतर गड्ड्यावर गुलाबी-जांभळी झाक येते, ती नुसत्या रंगाची असते, खायला काही बाध नाही. कोकणातल्या आंबट जमिनीत पानाचं पातं वाढतच नाही, नुसती मधली शीर चाबकासारखी उरते आणि गड्डा बसत नाही; तिथे मॉलिब्डेनम नावाचं द्रव्य मुळांना मिळत नसतं आणि चुना टाकून सामू चढवला की बहुतेक वेळा आपोआप मिळू लागतं. गंमत अशी की त्याच चुन्याने बोरॉन अडतं, त्यामुळे चुना टाकणाऱ्याने दोन वर्षांनी देठ कापून बघायची सवय ठेवावी.

तिन्ही गड्डे मी एकदा अण्णांच्या ओसरीवर शेजारी शेजारी मांडले होते, आठवणीने नव्हे, मोबाईलवरच्या फोटोंत. प्रत्येकावरची तारीख वेगळी. गुंडीचं कारण तोडणीच्या कितीतरी आधी, ट्रेमधल्या चौदा दिवसांत. तपकिरी डागाचं कारण निम्मं मातीत कायमचं, निम्मं ऑगस्टअखेरच्या कोरड्या दहा दिवसांत. दाण्यांचं कारण तोडणीच्या फार तर दोन आठवडे आधी, आणि त्याच्याही मागे, ऑक्टोबरात, पाकिटावरची ओळ न वाचण्यात. अण्णा म्हणाले, "म्हणजे औषधाच्या दुकानात जायच्या आधी वही बघायची." त्यांच्याकडे वही आहे. तिच्यात आता 'रोपं किती दिवसांची' असा एक रकाना वाढलाय.

त्या ऑगस्टमध्ये रस्त्याकडचं रान मोडताना निघालेल्या गुंड्या बाजारात कोणी घेईना. बऱ्याचशा गुरांपुढे गेल्या. पिशवीभर मी घरी आणल्या, अख्ख्याच हिंग-मोहरीवर परतल्या, वाटाणा घातला. चवीला विहिरीकडच्या आठशे ग्रॅमच्या गड्ड्यात आणि त्यांच्यात काही फरक नव्हता. उलट चिरायचं काम वाचलं.